काळेभोर डोळे घारे करताना रंग बसत नाही, चमक मरते, कड दिसते: कुठून तपासत जायचं

पोर्ट्रेटमध्ये डोळ्यांचा रंग बदलण्याची कामं माझ्याकडे बहुतेक नाटकवाल्यांकडून येतात. भूमिका घाऱ्या डोळ्यांची असते, नटाचे किंवा नटीचे डोळे असतात गडद तपकिरी. लेन्स घालून पुन्हा फोटो काढायला वेळ नसतो. मग कोणीतरी फोटोशॉपमध्ये प्रयत्न करतं, जमत नाही, आणि फाइल माझ्याकडे येते. दर वेळी बिघाड जवळपास तोच असतो, म्हणून एकदा क्रमाने लिहून ठेवते आहे. निळ्या डोळ्याचा हिरवा करणं सोपं असतं, त्याबद्दल इथे फारसं नाही. हे सगळं आपल्याकडच्या गडद डोळ्यांबद्दल आहे.

आधी लक्षणं ओळखा

रंग टाकला, पण डोळा आधीपेक्षाही काळपट आणि निर्जीव दिसतो. किंवा रंग दिसतो, पण बुबुळावर कागदाची टिकली चिकटवल्यासारखा: आतल्या रेषा नाहीत, खोली नाही. डोळ्यातली पांढरी ठिणगी, म्हणजे कॅचलाइट, हिरवट किंवा पिवळट झालेली असते. बाहुली काळी न राहता राखाडी, धुरकट झालेली असते. बुबुळाच्या कडेला रंगाची सरळ गोल रेघ दिसते, किंवा रंग पांढऱ्या भागावर आणि वरच्या पापण्यांवर सांडलेला असतो. शेवटचं लक्षण जरा फसवं आहे. मोठं करून पाहिलं तर सगळं ठीक, पण पूर्ण चेहरा पाहिला की माणूस भेदक, परका दिसतो.

यातली दोन-तीन लक्षणं बहुतेक वेळा एकत्र येतात. म्हणून एकाच लक्षणाच्या मागे लागू नका, खालच्या क्रमाने जा. पहिल्या दोन तपासण्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत.

फाइल आणि बघण्याची पद्धत

सगळ्यात आधी बुबुळाची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. Rectangular Marquee ने एका बुबुळाभोवती चौकट ओढली की Info पॅनेलमध्ये रुंदी दिसते. माझा अनुभव असा की बुबुळ 120 पिक्सेलपेक्षा रुंद असेल तर आतला तपशील टिकवून काम करता येतं. 50 पेक्षा कमी असेल तर टिकवण्यासारखा तपशील फाइलमध्येच नसतो, तिथे फक्त हलकी रंगछटा देऊन थांबावं. मेसेजिंग ॲपवरून साध्या फोटोसारखी आलेली फाइल आकाराने लहान होऊन येते, आणि त्यात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते. त्यामुळे बुबुळाचा रंग कडेबाहेर पसरतो, आणि तो दोष तुम्ही उगाच आपल्या मास्कमध्ये शोधत बसता. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवली की निम्मी भांडणं मिटतात.

मग बघण्याची पद्धत. एका डोळ्यावर 400 टक्के झूम करून काम चालू असतं आणि तिथेच निर्णय घेतले जातात. Window मेनूतल्या Arrange मधून New Window घ्या. तीच फाइल दोन खिडक्यांत उघडते. एका खिडकीत डोळा मोठा ठेवा, दुसरीत पूर्ण चेहरा. चेहरा परका दिसू लागतो तो क्षण तुम्हाला दुसऱ्या खिडकीत लगेच कळतो. माझ्याकडे आलेल्या फायलींमध्ये रंग चुकलेला क्वचित असतो, त्याचं प्रमाण चुकलेलं असतं.

रंगाचा लेअर कोणत्या मोडमध्ये आहे

रंग ब्रशने नवीन लेअरवर भरला असेल आणि तो लेअर Normal मध्ये असेल, तर टिकली चिकटवल्याचं लक्षण तिथेच सुटतं. Normal लेअर खालचं झाकतो. Color मोड फक्त रंग आणि त्याची तीव्रता वरून घेतो आणि उजेड-अंधार खालच्या फोटोचाच ठेवतो. बुबुळाच्या रेषा म्हणजे मुळात उजेड-अंधाराचे बारीक फरक, त्यामुळे त्या परत दिसू लागतात.

मी ब्रशने रंग भरतच नाही. Hue/Saturation चा ॲडजस्टमेंट लेअर घेते, Colorize वर टिक करते आणि लेअरचा मोड Color करते. नंतर दिग्दर्शकाने "जरा कमी घारं" म्हटलं तरी आकडा बदलला की झालं.

एक गोष्ट मात्र इथे आवर्जून पाहा: त्याच पॅनेलमधला Lightness स्लायडर शून्यावर आहे ना? रंग काळपट दिसतो म्हणून बहुतेक जण तो उजवीकडे सरकवतात. लेअर Normal मध्ये असेल तर तो सगळ्यात पांढरं मिसळतो, काळ्यातही. राखाडी, धुरकट बाहुलीचं कारण जवळजवळ नेहमी हाच स्लायडर असतो.

तरीही डोळा काळाच दिसतो

खरं दुखणं इथे आहे, आणि ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. गेल्या खेपेच्या एका फाइलचे आकडेच सांगते. नाटकाच्या जाहिरातीसाठीचं पोर्ट्रेट होतं, डावीकडून खिडकीचा उजेड, बुबुळ 180 पिक्सेल रुंद. Info पॅनेलमध्ये बुबुळाच्या मधल्या भागाचे आकडे होते लाल 52, हिरवा 33, निळा 24. याचा एकूण उजेड 255 पैकी साधारण 38 भरतो. बाहुली 10 च्या आसपास होती. म्हणजे बाहुली आणि बुबुळ यांच्यात फरकच मुळी पंचवीस-तीस पायऱ्यांचा.

आता Color मोड उजेड बदलत नाही हे आपण वर पाहिलं. 38 उजेडाचा मध आणि 38 उजेडाचा शेवाळी हे दोन्ही डोळ्याला काळेच दिसतात. रंग बसत नाही असं आपण म्हणतो, पण तो बसलेला असतो, त्याला दिसायला उजेड नसतो. म्हणून आधी उजेड वाढवायचा आणि मग रंग द्यायचा. Hue/Saturation च्या खाली Curves चा लेअर टाका, त्याचा मास्क बुबुळापुरता ठेवा, आणि मधला बिंदू Input 38 ला Output 85 ते 90 असा उचला. खाली 12 जवळ एक बिंदू जागच्या जागी खिळवून ठेवा म्हणजे बाहुली वर येणार नाही, आणि वर 220 जवळ दुसरा.

उजेड सगळीकडे सारखा वाढवू नका. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा भिंगासारखा असतो. खिडकी डावीकडे वर असेल तर आत शिरलेला उजेड वळून बुबुळाच्या उजव्या खालच्या बाजूला पडतो. कोणत्याही चांगल्या पोर्ट्रेटमध्ये कॅचलाइटच्या समोरची बाजू जरा उजळलेली दिसेल. वरच्या पापणीची सावलीही बुबुळाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर पडलेली असते. म्हणून Curves च्या मास्कवर मोठ्या मऊ ब्रशने, 30 टक्के ओपॅसिटीने, वरचा भाग काळ्या रंगाने दोनदा पुसून घ्या. कॅचलाइटच्या समोरची खालची बाजू पूर्ण ठेवा. टिकली दिसणाऱ्या डोळ्यांपैकी निम्मे तरी एवढ्यावर गोलाकार दिसू लागतात.

कॅचलाइट रंगतो

कॅचलाइट बुबुळाचा भागच नाही. तो ओल्या पृष्ठभागावर पडलेलं खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब आहे, बुबुळाच्या पुढे तरंगणारं. त्याचा रंग उजेडाचा असतो. डोळा काळा असो, घारा असो, तीच खिडकी तशीच दिसते. तो पिवळट झाला की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळा काचेचा वाटतो.

ब्रशने कॅचलाइट पुसत बसण्याआधी Blend If वापरून पाहा. लेअरच्या रिकाम्या जागी डबल क्लिक केलं की Layer Style उघडतं, त्यात खाली Blend If आहे. Underlying Layer ची पांढरी खूण डावीकडे सरकवली की खालच्या फोटोतल्या उजळ जागी हा लेअर लागूच होत नाही. Alt दाबून ती खूण दुभागा. दुभागणं महत्त्वाचं, कारण कॅचलाइटची कड एकदम संपत नाही. एकसंध खूण ठेवली तर पांढऱ्या ठिणगीभोवती रंगाची बारीक किनार राहते. त्या फाइलमध्ये Curves साठी मी 90 आणि 160 ठेवलं, आणि Hue/Saturation साठी 140 आणि 200. वरच्या लेअरला आकडे जास्त, कारण त्याच्या दृष्टीने "खालचा फोटो" म्हणजे Curves ने आधीच उजळलेला फोटो. दोन्हींना सारखेच आकडे दिले तर बुबुळाच्या उजळ रेषांवरचा रंग उडतो आणि डोळ्यात तपकिरी ठिपके उरतात.

काळी खूणही तशीच, 12 आणि 28 ला दुभागली. बाहुली आणि बुबुळावर आडव्या आलेल्या पापण्यांचे केस त्यातून आपोआप वाचतात. फोटो कमी उजेडात काढलेला आणि खूप दाणेदार असेल तर मात्र बाहुलीची कड ठिपक्याठिपक्यांची होते. मग काळी खूण मूळ जागी न्या आणि बाहुली मास्कमध्ये मऊ ब्रशने हाताने वगळा.

खिडकीच्या उजेडात अजून एक अडचण येते. ठिणगी पांढरी असते, पण तिच्या शेजारी खिडकीच्या पडद्याचं किंवा भिंतीचं फिकट, दुधाळ प्रतिबिंब असतं. ते उजेडाने बुबुळाएवढंच भरतं, त्यामुळे Blend If ला सापडत नाही. ते मास्कवर 40-50 टक्के काळ्याने हाताने हलकं करा. पूर्ण पुसू नका, कारण त्या धुक्यातून बुबुळाचा रंग थोडा दिसतच असतो.

कड

बहुतेक जण गोल सिलेक्शन घेतात, Feather देतात आणि पुढे जातात. पण फोटोत बुबुळ पूर्ण गोल क्वचितच दिसतं. वरचा भाग पापणीखाली गेलेला असतो, खालचा खालच्या पापणीला टेकलेला. मी Elliptical Marquee ने पूर्ण गोल घेऊन मास्क बनवते, आणि मग पापण्यांखाली गेलेला भाग काळ्या ब्रशने काढते. असं केलं की गोलाचा आकार बरोबर राहतो आणि डोळा अंडाकृती होत नाही.

Feather किती, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बुबुळाच्या रुंदीच्या दोन टक्क्यांपासून सुरुवात करा. 180 पिक्सेलच्या बुबुळाला तीन-चार पिक्सेल झाले. आकडा Properties पॅनेलमधल्या मास्कच्या Feather ला द्या, सिलेक्शनला नको, म्हणजे नंतर बदलता येतो. चेहरा तिरपा असेल आणि दूरचा डोळा फोकसच्या बाहेर असेल तर त्याला जास्त Feather लागतो, त्या डोळ्याच्या पापण्या जितक्या मऊ दिसतात तितका. दोन्ही डोळ्यांना एकच आकडा दिला की मागचा डोळा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

मास्क बुबुळाच्या कडेपर्यंत नेऊ नका, दोन-तीन पिक्सेल आत थांबा. बुबुळाच्या बाहेरच्या कडेला एक गडद, धूसर वर्तुळ असतं आणि ते घाऱ्या डोळ्यांतही असतं. मूळ तपकिरी वर्तुळ तसंच राहू दिलं तर पांढऱ्या भागाशी होणारा मिलाफ फोटोतलाच राहतो, तुम्हाला तो बनवावा लागत नाही. रंगाची गोल रेघ दिसते ती नेमकी हे वर्तुळ रंगवल्यामुळे. बऱ्याच वयस्क माणसांच्या बुबुळाच्या कडेला राखाडी-पांढरट कडं असतं, तेही त्या चेहऱ्याचं आहे, त्यावर रंग चढवू नका.

एकच रंग म्हणजे खोटा रंग

घरात किंवा ओळखीत घाऱ्या डोळ्यांचं कोणी असेल तर त्यांना खिडकीपाशी बसवून एकदा जवळून पाहा. घारा हा एक रंग नाही. बाहुलीभोवती मधासारखं, वेड्यावाकड्या कडेचं कडं असतं, त्यातून बाहेर रेषा फुटलेल्या असतात, आणि कडेकडे जाताना रंग राखाडी-हिरवट होत जातो. आपण पूर्ण बुबुळाला एकच Hue देतो म्हणून ते लेन्ससारखं दिसतं.

मी दोन Hue/Saturation लेअर ठेवते. खालचा पूर्ण बुबुळाला: Hue 70, Saturation 14. वरचा फक्त बाहुलीभोवतीच्या साधारण एक तृतीयांश रुंदीला: Hue 40, Saturation 30. वरच्याचा मास्क बारीक मऊ ब्रशने बाहुलीकडून बाहेर ओढलेल्या लहानमोठ्या रेघांनी रंगवते, फोटोतल्या रेषांच्या दिशेने. दोन्ही लेअर एका ग्रुपमध्ये घेऊन ग्रुपची ओपॅसिटी शेवटी 80 टक्क्यांपर्यंत उतरवते, दुसऱ्या खिडकीतल्या पूर्ण चेहऱ्याकडे बघत. Saturation 14 वाचायला फार कमी वाटतं, पण 40 दिलेला डोळा रस्त्यावर कधी दिसत नाही.

पट्टे आणि दाणे: मूळ रॉ फाइलकडे परत

आता सगळ्यात वेळखाऊ तपासणी. सगळं बरोबर करूनही बुबुळात पायऱ्यांसारखे पट्टे किंवा रंगीत दाणे दिसत असतील तर चूक तुमच्या लेअरची नाही. वरच्या Curves चं गणित पाहा. 12 ते 38 या 26 पायऱ्या आपण 12 ते 88 इतक्या ताणल्या. 8 बिटच्या जेपीजीमध्ये मधल्या पायऱ्या नाहीतच, त्यामुळे प्रत्येक पायरी तिप्पट रुंद दिसते आणि दाणाही तिप्पट. फाइल नंतर 16 बिट केली तरी नसलेली माहिती येत नाही.

त्या जाहिरातीच्या फोटोला माझ्याकडून हेच झालं. जेपीजीवर अर्धा दिवस घालवल्यावर फोटोग्राफरकडून रॉ मागवली. कॅमेरा रॉमध्ये दोन्ही बुबुळांवर ब्रशने मास्क करून Exposure 1.30 वाढवलं, फाइल 16 बिटमध्ये उघडली. बुबुळाचा उजेड 38 वरून साठच्या आसपास आला होता, तोही खऱ्या रेषांसकट. पुढे Curves ला थोडाच जोर लावावा लागला आणि पट्टे गेले. आता मी गडद डोळ्यांचं काम रॉशिवाय हातात घेत नाही.

कुठे थांबायचं

रॉ उघडून Exposure दोन स्टॉप वाढवूनही बुबुळ आणि बाहुली वेगळी दिसत नसतील तर तिथे तपशील नाही. त्यापुढे बुबुळ नव्याने रंगवावं लागतं, आणि ते अनुभवी रिटचरचं काम आहे. चष्म्याच्या काचेचं हिरवं-जांभळं प्रतिबिंब बुबुळावरून गेलेलं असेल, किंवा फोटो होर्डिंगवर जाणार असेल, तरीही त्याच्याकडेच द्या. देताना रॉ आणि लेअर एकत्र न केलेली पीएसडी द्या, जेपीजी नको. जेपीजीवर तुमची चूक उलटवता येत नाही.

पासपोर्ट, व्हिसा किंवा कोणत्याही ओळखपत्राच्या फोटोत डोळ्यांचा रंग बदलून मागितला तर नाही म्हणा. तिथे चेहरा जसा आहे तसाच लागतो.

आणि एक थांबा फोटोशॉपशी संबंधित नाही. फ्लॅशने काढलेल्या लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी किंवा पिवळट दिसली तर ती दुरुस्त करून फोटो परत करू नका. बरेचदा ते फक्त फ्लॅशच्या कोनामुळे असतं. पण मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्यातली गाठही अशीच दिसते, आणि लहान मुलात तिथे उशीर परवडत नाही. पालकांना तो फोटो दाखवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगा. मूळ फाइल पुसू नका, डॉक्टरांना दाखवायला तीच लागेल.